पाऊस आला, सामना बुडाला: पैजेचं पुढं काय होतं?

(नारायणगावात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. वक्ते जुन्नर आणि घोडेगावच्या न्यायालयांत वकिली करतात. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या, ते मला इथून दिसतंय. वकील माणूस सट्ट्यावर काय बोलणार? सुरुवातीलाच सांगतो, मी कुणाला पैज लावायला शिकवायला आलेलो नाही. पण आपल्या दोन्ही तालुक्यांत, जुन्नर म्हणा की आंबेगाव म्हणा, आयपीएलच्या दिवसांत हा धंदा चालतो हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. आणि त्यातली सगळ्यात जास्त भांडणं कधी होतात? सामना नीट पार पडला की होत नाहीत. पाऊस आला की होतात.

माझ्याकडं 2023 च्या जून महिन्यात एक तरुण आला. बागायतदार घरातला, टोमॅटो करणारा. नाव-गाव सांगत नाही. म्हणाला, "साहेब, आयपीएलच्या फायनलला मी दोन पैजा लावल्या. एक हरलो, एक जिंकलो. हरलेली खरी धरली आणि जिंकलेली कॅन्सल केली. माझी हार खरी आणि माझी जीत खोटी, हा कुठला न्याय?"

प्रश्न चांगला आहे. आज त्याच्याच उत्तरात शिरू.

आधी तो सामना आठवा. गुजरात टायटन्स विरुद्ध चेन्नई सुपर किंग्ज, मैदान अहमदाबादचं. फायनल ठरली होती 28 मे 2023, रविवारी. त्या दिवशी पावसानं एक चेंडूही टाकू दिला नाही. सामना राखीव दिवशी, सोमवारी 29 तारखेला गेला. गुजरातनं पूर्ण 20 ओव्हर खेळून 4 बाद 214 केले. साई सुदर्शनच्या 96 धावा. चेन्नईची बॅटिंग सुरू झाली, तीन चेंडू झाले, 4 धावा लागल्या, आणि पुन्हा पाऊस. मध्यरात्रीनंतर खेळ सुरू झाला तेव्हा चेन्नईला सांगितलं गेलं, 15 ओव्हरमध्ये 171 करा. शेवटच्या दोन चेंडूंवर जडेजानं सिक्स आणि फोर मारला आणि चेन्नई 5 बाद 171 वर जिंकली. तोवर तारीख झाली होती 30 मे.

म्हणजे एका सामन्याला तीन तारखा लागल्या.

आमच्या पोराच्या पैजा अशा. पहिली, गुजरात जिंकणार, 15,000 रुपये. दुसरी, दोन्ही संघांच्या मिळून धावा 370 च्या वर जाणार, 10,000 रुपये. आता 214 आणि 171 मिळवा. 385 होतात. म्हणजे दुसरी पैज तो जिंकला की नाही? बुकी म्हणाला, "ओव्हर कमी झाल्या, ती पैज कॅन्सल. गुजरातचे 15,000 तेवढे दे."

तुम्हाला काय वाटतं, बुकीनं लबाडी केली? (सभागृहातून: "केली!") थांबा जरा.

पहिला मुद्दा, विजेत्याची पैज. जगात जिथं सट्टा कायदेशीर आहे, इंग्लंडसारख्या ठिकाणी, तिथल्या कंपन्या नियम छापून ठेवतात. तपशील कंपनीगणिक बदलतो, पण गाभा सगळीकडं एकच. विजेत्यावरची पैज अधिकृत निकालावर मिटते. अंपायर आणि आयोजकांनी जो संघ विजयी म्हणून जाहीर केला, तो जिंकला. तो निकाल पावसाच्या हिशोबानं, म्हणजे डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीनं लागला तरी चालतो. त्यात सूट नाही.

लोकांना इथंच राग येतो. "गुजरातनं 214 केले, चेन्नईनं 171, मग गुजरात हरलं कसं?" त्याचा हिशोब असा. संघाकडं धावा करायला दोन साधनं असतात, शिल्लक ओव्हर आणि शिल्लक विकेट. 20 च्या 15 ओव्हर झाल्या म्हणजे ओव्हर पाऊणपट झाल्या. 214 चे पाऊणपट केले तर साधारण 160 होतात. पण विकेट पाऊणपट झाल्या का? नाही, दहाच्या दहा शाबूत. दहा विकेट हातात ठेवून 15 ओव्हरच खेळायच्या म्हटलं की माणूस जास्त मोकळा मारतो. म्हणून या पद्धतीनं चेन्नईची ताकद पाऊणपट न धरता जवळजवळ ऐंशी टक्के धरली. बरोबरीला 170 आणि जिंकायला 171. त्यामुळं गुजरातची पैज हरली ती नियमानंच हरली. राखीव दिवसाचाही प्रश्न येत नाही, कारण स्पर्धेच्या नियमात राखीव दिवस आधीच लिहिलेला असेल तर 28 तारखेची पैज 29 ला चालू राहते.

निकाल कधी लागलाच नाही असं धरतात? ट्वेंटी-20 मध्ये दुसऱ्या संघाला किमान 5 ओव्हर खेळायला मिळाल्या पाहिजेत, एकदिवसीय सामन्यात 20. तेवढं झालं नाही आणि त्याआधी सामना संपलाही नाही, तर "निकाल नाही". मग विजेत्यावरची पैज रद्द आणि लावलेला पैसा परत. जिंकणंही नाही, हरणंही नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि पोराचं दुखणं इथंच आहे. एकूण धावांची पैज.

आपल्या मार्केटचं उदाहरण घेतो. इथं नारायणगावला टोमॅटोचा भाव कशावर निघतो? क्रेटवर. आणि क्रेट 20 किलोचं धरलेलं असतं. समजा व्यापाऱ्यानं क्रेटला भाव बोलला आणि तुम्ही 15 किलोचं क्रेट पुढं केलं, तर तो तोच भाव देईल का? म्हणेल, "मी 20 किलोचा भाव बोललो होतो, 15 चा नाही. हा सौदाच वेगळा."

धावांच्या पैजेचंही तसंच आहे. 370 हा आकडा काढताना काढणाऱ्यानं दोन्ही डाव मिळून 40 ओव्हर गृहीत धरल्या होत्या. खेळल्या गेल्या 35. ज्या मापावर आकडा काढला ते मापच बदललं. म्हणून सर्वसाधारण नियम असा की ओव्हर कापल्या आणि तोपर्यंत पैजेचा फैसला झालेला नसेल, तर ती पैज रद्द. काही कंपन्या एखाद-दुसऱ्या ओव्हरची घट चालवून घेतात, त्याची मर्यादा ज्याची त्याची वेगळी. पण 5 ओव्हर ही मोठी घट आहे.

"तोपर्यंत फैसला झालेला नसेल" हे शब्द नीट धरा, सगळं कुलूप तिथं आहे. पावसानं खेळ थांबला तेव्हा एकूण धावा किती होत्या? 214 अधिक 4, म्हणजे 218. 370 ला अजून कितीतरी बाकी. म्हणजे पैज अधांतरी होती आणि त्याच अवस्थेत माप बदललं. पुढं 385 झाल्या, त्या बदललेल्या सामन्यात झाल्या. उलट कुणी "200 च्या वर" अशी पैज लावली असती, तर 218 ला तिचा फैसला पावसाआधीच झाला होता. ती जिंकलेली पैज पाऊससुद्धा हिरावून घेऊ शकत नाही.

याच नियमानं त्या रात्रीच्या बाकीच्या पैजा तपासा. "गुजरात 190 च्या वर करेल", डाव पूर्ण 20 ओव्हरचा झाला, 214 झाल्या, पैज खरी. "साई सुदर्शन पन्नास करेल", केल्या, पैज खरी. गुजरातचा सर्वाधिक धावा करणारा कोण, डाव संपला होता, पैज खरी. आणि चेन्नईच्या पहिल्या 6 ओव्हरमध्ये किती धावा? इथं गंमत आहे. 15 ओव्हरच्या डावात पॉवरप्ले 6 चा राहिला नाही, 4 ओव्हरचा झाला. सहा ओव्हर टाकल्या गेल्या हे खरं, पण पाचव्या ओव्हरपासून क्षेत्ररक्षण पसरलं. आपल्याकडं याला सेशन म्हणतात आणि भांडणं इथंच पेटतात. एक म्हणतो सहा ओव्हर झाल्या, पैसे टाक. दुसरा म्हणतो पॉवरप्ले बदलला, सेशन कॅन्सल. छापील नियम असेल तर त्याकडं बोट दाखवता येतं. तोंडी व्यवहारात ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम.

म्हणजे मंडळी, त्या पोराला मी सांगितलं, "अरे, बुकीनं जो निवाडा दिला तो नियमाला धरून आहे. तुझी हार अधिकृत निकालावर मिटली आणि तुझी जीत माप बदलल्यामुळं बाद झाली. दोन पैजांचे दोन कायदे आहेत." त्याचं तोंड एवढंसं झालं. पण गोष्ट इथं संपत नाही, त्याच्याकडं परत येतो.

तिसरा मुद्दा, अर्ध्यावर सोडून दिलेला सामना. 8 मे 2025, धरमशाला, पंजाब किंग्ज विरुद्ध दिल्ली कॅपिटल्स. पावसामुळं सुरुवात उशिरा झाली, पण सामना थांबला तो पावसानं नाही. सीमेवर तणाव होता, मैदानावरचे दिवे गेले आणि प्रेक्षकांना बाहेर काढलं. तेव्हा पंजाबच्या 10.1 ओव्हरमध्ये 1 बाद 122 झाल्या होत्या. प्रियांश आर्य 70 वर नुकताच बाद झाला होता. पुढं आयोजकांनी हा सामना 24 मे रोजी जयपूरला पहिल्यापासून पुन्हा खेळवला आणि दिल्लीनं तो जिंकला.

आता सांगा, 8 तारखेला ज्यानं दिल्लीवर पैसे लावले, तो 24 तारखेला जिंकला का? नाही. सोडून दिलेला सामना ठरावीक मुदतीत, बहुतेक नियमांत एक-दोन दिवसांत, पुढं चालू झाला नाही तर पैज रद्द होते. पुन्हा खेळवलेला सामना हा नवा सामना. जुनी चिठ्ठी त्याला लागू होत नाही. पण "आर्य पन्नास करेल" ही पैज? 70 झाल्या होत्या, फैसला झाला, पैज खरी. पहिली विकेट किती धावांवर पडेल? 122 वर पडली, पैज खरी. पंजाबचा सर्वाधिक धावा करणारा कोण? डाव अपुरा, पैज रद्द. कारण दिव्यांचं असो की ढगांचं, तपासायचं एकच, थांबण्याआधी फैसला झाला होता का.

चौथा मुद्दा, अजिबात न झालेला सामना. 17 मे 2025, बंगळुरू, रॉयल चॅलेंजर्स विरुद्ध कोलकाता. पावसात नाणेफेकही झाली नाही. त्या सामन्यावरच्या सगळ्या पैजा रद्द, नाणेफेकीवरचीसुद्धा. सोपं वाटतं ना? पण दोन्ही संघांना एक-एक गुण मिळाला आणि त्या एका गुणामुळं कोलकाता प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर पडलं. म्हणजे "कोलकाता प्लेऑफला जाणार" अशी पैज ज्यानं आधी लावली होती, तो त्या रात्री हरला. एक चेंडू न पडता! सामन्याची पैज पावसानं रद्द होते, स्पर्धेची होत नाही. गुणतक्त्याला पावसाचा गुण आणि खेळाचा गुण यात फरक कळत नाही.

कसोटीतही असाच चकवा आहे. कसोटीत अनिर्णित हा निकालच असतो. डिसेंबर 2024 मध्ये ब्रिस्बेनची भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी पावसानं खाल्ली आणि अनिर्णित राहिली. "अनिर्णित" वर लावलेला जिंकला आणि कुठल्याही संघावर लावलेला हरला, पैसे परत नाहीत. उलट सप्टेंबर 2024 मध्ये ग्रेटर नोएडाची अफगाणिस्तान-न्यूझीलंड कसोटी एक चेंडू न पडता सोडून दिली. सामना सुरूच झाला नाही, तर तो अनिर्णितही नाही. तिथं पैसे परत. पाऊस तोच, पण एका चेंडूनं फरक पडतो.

आता रद्द म्हणजे नक्की काय, ते दोन मिनिटांत. साधी पैज रद्द झाली तर लावलेले पैसे परत. पण साखळी पैज असेल, म्हणजे तीन सामने जिंकले तरच पैसे, तर रद्द झालेला सामना साखळीतून गळतो आणि बाकीची साखळी चालू राहते. समजा भाव 2, 1.5 आणि 1.8 आहेत. गुणाकार 5.4, म्हणजे 100 चे 540. मधला सामना पावसात गेला तर 1.5 च्या जागी 1 धरायचा. 2 गुणिले 1.8, म्हणजे 3.6, हातात 360. लोक 540 ची वाट बघत बसतात आणि 360 आले की फसवलं म्हणतात.

हे झालं छापील नियमांचं जग. आपल्या गल्लीत काय होतं? इथं पैसे आधी भरलेलेच नसतात. सगळं उधारीवर, फोनवर, आणि हिशोब आठवड्यानं. त्यामुळं "पैसे परत" याचा अर्थ फक्त वहीतली ओळ खोडली, एवढाच. आणि वही कुणाची? त्याची. शिवाय लहान बुकीनं आपल्यावरचा बोजा वरच्या बुकीकडं उतरवलेला असतो, त्याला ते कटिंग म्हणतात. वरच्यानं पैज रद्द केली आणि खालच्यानं धरली, किंवा उलट झालं, तर मधला माणूस स्वतःच्या खिशातून कशाला देईल? तो तुमच्यावर ढकलतो. पावसाच्या रात्रीचे निवाडे असे वरून खाली घरंगळत येतात.

आता त्या पोराकडं. त्यानं विचारलं, "साहेब, समजा नियम माझ्या बाजूचा असता, तर 10,000 साठी दावा लावता आला असता का?"

नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 30. पैजेचा करार निरर्थक आहे आणि जिंकलेल्या पैशासाठी दावा चालत नाही. घोड्यांच्या शर्यतीच्या मोठ्या बक्षिसापुरता तेवढा अपवाद आहे. वर आपला 1887 चा महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा. गंमत सांगतो, त्या कायद्याच्या व्याख्येत पावसाचा स्पष्ट उल्लेख आहे! कारण एकेकाळी मुंबईत पाऊस पडेल की नाही, किती पडेल, यावरच सट्टा चालायचा. आज पाऊस पैज मोडतो, तेव्हा पाऊस हीच पैज होती. आणि मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांबद्दल म्हणाल तर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ते चालवण्यावरच बंदी घालणारा कायदा केला.

पण याची दुसरी बाजू ऐका. पोराला 10,000 मागता येत नाहीत, तसे बुकीलाही ते 15,000 कोर्टात मागता येत नाहीत. आणि आपल्याकडं आणखी एक जुनं कलम आहे. मुंबई इलाख्याचा 1865 चा तिसरा कायदा. बाकी देशात पैज निरर्थक असली तरी तिच्यासाठी दिलेलं कर्ज वसूल होऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाचा 1959 चा घेरूलाल पारख प्रकरणातला निकाल त्याबद्दल प्रसिद्ध आहे. पण जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या जुन्नर-आंबेगावातही, पैजेसाठी म्हणून जाणूनबुजून दिलेली उसनवारीसुद्धा दावा लावून वसूल होत नाही.

हे सांगितल्यावर पोरगं गप्प झालं. मग हळूच म्हणालं, "साहेब, ते 15,000 मी मावसभावाकडून घेऊन देऊन टाकलेत. पाऊस कमी झाल्यावर त्याच्या टोमॅटोला औषध मारायचे पैसे होते ते."

तर बघा. बुकीला पैसे मिळाले, कारण त्याला कोर्ट लागत नाही. ज्याला कोर्टाशिवाय दुसरा रस्ता नाही, तो मावसभाऊ मात्र अडकला. मी पोराला म्हटलं, "कायद्यानं भावाला दावा लावता येणार नाही, पण तू त्याचे पैसे पहिल्या तोड्यात देऊन टाक. कायदा तुझ्या बाजूला आहे म्हणून भाऊ बुडवायचा नसतो." त्यानं दिले. तो भाऊ आज इथं बसलाय की नाही, ते सांगत नाही. (हशा)

एक-दोन प्रश्न घेतो.

(प्रश्न: आपल्या गावच्या टेनिस बॉल स्पर्धेत अवकाळी आला आणि फायनल झाली नाही, तर बक्षिसाचं काय?) ती पैज नाही, स्पर्धेचं बक्षीस आहे. त्याला आयोजकांचे नियम लागू. म्हणून पत्रकावर तीन ओळी छापा. किती ओव्हर झाल्या तर सामना धरायचा, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून की पुढं चालू, आणि काहीच झालं नाही तर बक्षीस निम्मं-निम्मं की नाणेफेक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं वळीव येतोच. तो आल्यावर नियम ठरवायला बसलात तर मारामारी ठरलेली.

(प्रश्न: बुकी धमकी देत असेल तर? तक्रार केली तर आपणच अडकू ना?) जुगार खेळणं हाही गुन्हा आहे, त्यामुळं भीती खोटी नाही. पण धमकी देऊन पैसे उकळणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. फोनवरचे संदेश पुसू नका, घरच्यांना सांगा आणि वकिलाला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा. शेतीचा कागद किंवा कोरा चेक मात्र कुणाच्या हातात देऊ नका. एकदा चेक गेला की तो पैजेचा होता हे सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर येते, आणि वही, मघाशी म्हटलं तसं, त्याच्याकडं असते.

वेळ झाली.